परदेशी ऑर्डरचा स्क्रीन कसा वाचावा: टिंब, स्वल्पविराम, इंच आणि फॅरनहाइट

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने आहेत. तिथल्या ऑफिसात बसून परदेशी खरेदीदाराच्या पोर्टलवर ऑर्डर बघायची, दर भरायचे, मापं उतरवून घ्यायची हे काम अनेकांच्या वाट्याला येतं. स्क्रीनवरची भाषा ब्राउझर पटकन इंग्रजीत किंवा मराठीत करून देतो, पण भाषांतर होतं ते शब्दांचं. आकडे, चिन्हं आणि मापं बहुतेक वेळा मूळ देशाच्या पद्धतीचीच राहतात. शब्द ओळखीचे झाले की आकडेही ओळखीचेच वाटू लागतात, आणि खरी चूक तिथे होते.

म्हणून कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी समोरचा आकडा नेमका किती आहे हे ठरवायचं. जर्मन खरेदीदाराच्या ऑर्डरमधली ही एक ओळ बघा:

```
36.000 Stück    3,75 €    135.000,00 €
```

ऑफिसात नव्याने लागलेला पोरगा ही ओळ पाहून विचारतो, "काका, छत्तीस नगाची ऑर्डर आहे का?" त्याचं वाचन आपल्या सवयीप्रमाणे बरोबरच आहे. आपल्याकडे टिंब म्हणजे दशांश. जर्मनीत मात्र उलट आहे. तिथे टिंब हजार वेगळे दाखवतं आणि दशांशासाठी स्वल्पविराम येतो. त्यामुळे हे छत्तीस हजार नग आहेत, दर पावणेचार युरो आहे आणि एकूण रक्कम एक लाख पस्तीस हजार युरो, म्हणजे आपल्या लिहिण्यात १,३५,०००.

आधी दशांश कुठे आहे ते शोधा

यासाठी देशांची यादी पाठ करायची गरज नाही. आकड्याकडेच नीट बघितलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं. एकाच आकड्यात टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही असतील, तर सगळ्यात शेवटी आलेलं चिन्ह दशांशाचं. `135.000,00` मध्ये शेवटी स्वल्पविराम आहे, म्हणून तो दशांश. अमेरिकन `135,000.00` मध्ये शेवटी टिंब आहे, म्हणून ते दशांश. एकच चिन्ह दोनदा आलं असेल, जसं `1.250.000`, तर ते दशांशाचं असूच शकत नाही, कारण एका आकड्यात दशांश एकदाच येतो. चिन्हानंतर एक किंवा दोनच आकडे असतील, जसं `3,75`, तर ते दशांशाचं धरायला हरकत नाही.

अडतं ते एकाच ठिकाणी: चिन्ह एकच आहे आणि त्यानंतर बरोबर तीन आकडे आहेत. `36.000` हा तसाच आकडा. तो एकटा बघून कुणालाच खात्रीने वाचता येणार नाही. जर्मन पोर्टलवर ते छत्तीस हजार, आणि वजनाच्या रकान्यात, अमेरिकन पद्धतीच्या स्क्रीनवर, तेच छत्तीस किलो असू शकतं. कुवेतच्या दिनारचे तर हजार फिल्स होतात, म्हणून तिथे रक्कम तीन दशांशांत लिहितात. `3.750 KWD` म्हणजे तीन दिनार सातशे पन्नास फिल्स. ओमान आणि बहरीनच्या चलनातही तीनच दशांश असतात.

अशा वेळी त्याच पानावरचा दुसरा, निःसंशय वाचता येणारा आकडा शोधा. वरच्या ओळीत तो शेवटी आहे. `135.000,00` वाचता आला की त्या पानाची पद्धत कळते आणि `36.000` चाही उलगडा होतो. त्यानंतर नग गुणिले दर करून एकूण रकमेशी ताडून बघा. ३६,००० × ३.७५ = १,३५,०००, म्हणजे वाचन बरोबर. छत्तीसच नग धरले असते तर एकूण फक्त १३५ युरो आली असती आणि स्क्रीनवरच्या रकमेशी हजारपटीचा फरक पडला असता. हा गुणाकार मी प्रत्येक ओळीसाठी करायला सांगते. मोठ्या ऑर्डरमध्ये दहा-बारा ओळी असतात, पाच मिनिटांचं काम आहे, आणि चलन, डझन, नग यांतली गडबडसुद्धा त्यातच पकडली जाते.

आणखी दोन रूपं दिसली तर बिचकू नका. फ्रेंच पद्धतीत हजारांसाठी बारीक मोकळी जागा सोडतात: `36 000,00`. स्वित्झर्लंडमध्ये वर एक लहान खूण येते: `36'000.00`. दोन्ही ठिकाणी वरचाच नियम चालतो.

एक्सेलमध्ये नेताना

पोर्टलवरून फाइल उतरवली की दुसरा धोका सुरू होतो. आपल्या संगणकावर भारतीय किंवा अमेरिकन पद्धत असते, त्यामुळे `36.000` असलेला मजकूर एक्सेल कसलीही सूचना न देता ३६ करून टाकतं. `135.000,00` मात्र त्याला आकडा म्हणून पटत नाही, म्हणून ते मजकूर म्हणूनच पडून राहतं. ओळखायची खूण सोपी आहे. चौकटीची मांडणी कुणी बदललेली नसेल तर आकडे उजवीकडे सरकतात आणि मजकूर डावीकडे राहतो. एकाच रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसले, तर तो रकाना तसाच वापरू नका.

फाइल उघडतानाच तो रकाना मजकूर म्हणून आणा आणि मग शेजारच्या रकान्यात हे सूत्र लिहा. A2 मध्ये मूळ मजकूर आहे असं धरलंय:

```
=NUMBERVALUE(A2, ",", ".")
```

यातलं पहिलं चिन्ह दशांशाचं, दुसरं हजारांचं. फाइल अमेरिकन पद्धतीची असेल तर दोन्हींची अदलाबदल करायची. मूळ रकाना पुसू नका, पुढे वाद झाला तर तोच दाखवायला लागतो.

आपण पोर्टलवर दर भरतो तेव्हाही हीच काळजी. जर्मन पद्धतीच्या चौकटीत `3.75` टाकलं तर काही ठिकाणी टिंब गळून त्याचे ३७५ होतात. हजारांची खूण कधीच टाकू नका, दशांश त्यांच्या पद्धतीने द्या आणि सेव्ह केल्यावर पान पुन्हा उघडून एकूण रक्कम बघा. ईमेलमध्ये लिहिताना आपला लाखाचा स्वल्पविरामही टाळा. `1,35,000` पाहून परदेशी माणूस तितकाच गोंधळतो. `EUR 135000.00` असं लिहिलं की शंकेला जागाच राहत नाही.

चलनाचं चिन्ह नाही, कोड वाचा

`€` एकाच चलनाचं आहे, जर्मनीत ते आकड्यानंतर येतं इतकंच. `$` मात्र अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग या सगळ्यांच्या डॉलरला लागतं, आणि मेक्सिकोच्या पेसोलाही. `kr` स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क तिघांचं. `¥` जपानी येनचंही आणि चिनी युआनचंही. म्हणून चिन्हावरून दर धरू नका. तीन अक्षरी कोड शोधा: `USD`, `CAD`, `SEK`, `JPY`. तो बहुधा एकूण रकमेपाशी, पेमेंटच्या अटींमध्ये किंवा ऑर्डरच्या पीडीएफमध्ये सापडतो. कुठेच नसेल तर खरेदीदाराला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत कोटेशन थांबवा. कॅनडाचा डॉलर अमेरिकन समजून भाव दिला, तर पूर्ण ऑर्डर तोट्यात जाऊ शकते.

इंच: अडीचने गुणू नका

अमेरिकन ऑर्डरमध्ये टॉवेलचं माप असं येतं: `30" x 56"`, आणि सोबत सूट `±1/2"`. दोन तिरक्या रेघा म्हणजे इंच, एक रेघ म्हणजे फूट. एक इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटिमीटर. घाईत अडीचने गुणायची सवय अनेकांना आहे. ती इथे काय करते ते बघू.

बरोबर माप आहे ७६.२ × १४२.२४ सेंमी. अडीचने गुणलं तर ७५ × १४० येतं. सूट अर्धा इंच, म्हणजे १.२७ सेंमी. रुंदी १.२ सेंमीने कमी पडली, ती जेमतेम सुटेत बसते. लांबी २.२४ सेंमीने कमी पडली, म्हणजे माल नापास. आता वजन बघा. ५०० जीएसएमचा टॉवेल बरोबर मापाने ५४२ ग्रॅम भरायला हवा, आखूड मापाने तो ५२५ ग्रॅम भरतो. तपासणीला येणारा माणूस टेप लावतो तसा काटाही लावतो.

म्हणून गुणाकार २.५४ नेच करा आणि पूर्णांकात आणायचं ते अगदी शेवटी. हे माप तयार मालाचं असतं हेही विसरू नका. मागावरचं माप धुलाई-रंगाईत आकसणारा भाग धरून तुमच्या मास्तरांनी वेगळं काढायचं आहे. एक्सेलमध्ये अर्धा इंच लिहायचा तर `0 1/2` असं टाका. नुसतं `1/2` टाकलं की त्याची तारीख होते.

फॅरनहाइट: तापमान वेगळं, फरक वेगळा

फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये सोलापूर `108°` दिसलं, तर ॲप फॅरनहाइटवर गेलंय इतकं सगळ्यांना कळतं. तिथे तीस वजा करून निम्मं केलं तरी चालतं: ३९ येतात, खरे ४२ असतात. डाइंगमध्ये किंवा धुलाईच्या चाचणीत हा अंदाज चालणार नाही. `140°F` चे अंदाजाने ५५ येतात, खरे ६० अंश सेल्सिअस. बत्तीस वजा करा, पाचने गुणा, नऊने भागा. एक्सेलमध्ये:

```
=CONVERT(140, "F", "C")
```

पण खरेदीदाराने `140°F ± 5°F` लिहिलं असेल, तर त्या पाचाला हे सूत्र लावू नका. ते उत्तर देईल उणे १५. पाच अंश हा इथे फरक आहे, तापमान नाही, आणि फरकातून बत्तीस वजा होत नाहीत. त्याला फक्त पाचने गुणून नऊने भागायचं: सुमारे २.८ अंश. गोंधळ नको असेल तर आधी फॅरनहाइटमध्येच दोन्ही टोकं काढा, १३५ आणि १४५, आणि मग ती बदला. ५७.२ आणि ६२.८ अंश सेल्सिअस येतात. मशीनवर चिकटवायच्या कागदावर `±` न लिहिता हेच दोन आकडे लिहा, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला काहीच मोजावं लागत नाही.