ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्सची तयारी: लिंक करायच्या आधी रिक्वायरमेंट फोडा

मागच्या रिलीजला माझ्या मॅट्रिक्समधे एकही ओळ रिकामी नव्हती, प्रत्येक रिक्वायरमेंटसमोर किमान एक टेस्ट केस होती, आणि तरी लाइव्ह गेल्याच्या दुसऱ्या दिवशी लोकांची लॉक झालेली खाती उघडेनात. ते परत होऊ नये म्हणून ही यादी लिहून ठेवतेय.

सुरुवातीचं पटकन. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटची मंजूर झालेली प्रत घ्या, कुणाच्या मेलमधली जुनी नको. प्रत्येक रिक्वायरमेंटला आयडी, प्रत्येक टेस्ट केसला आयडी. रिक्वायरमेंट रद्द झाली तरी तिचा नंबर दुसरीला द्यायचा नाही. टूल असेल तर टूल, नाहीतर एक्सेल पुरतं.

आता मी जे केलं नव्हतं ते. लिंक करायला बसायच्या आधी रिक्वायरमेंट फोडायची. आमच्या डॉक्युमेंटमधे REQ-14 अशी होती: सलग ५ वेळा चुकीचा पासवर्ड टाकल्यास खातं ३० मिनिटांसाठी लॉक व्हावं, युजरला ईमेल जावा, आणि अॅडमिनला खातं त्याआधी उघडता यावं. वाचताना एकच वाक्य वाटतं, पण आत चार वेगळी कामं आहेत. आमची टेस्ट केस TC-031 काय करत होती, तर पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकायचा आणि लॉक झाल्याचा मेसेज येतो का बघायचं. मेसेज आला, टेस्ट पास, मी REQ-14 समोर TC-031 लिहिलं आणि ओळ हिरवी केली. अर्ध्या तासाने खातं आपोआप उघडतं का हे कोणी बघितलंच नाही, कारण टेस्ट मेसेजपाशी संपत होती आणि टेस्टिंग झालं की आम्ही ते खातं डेटाबेसमधून हातानेच मोकळं करायचो. उघडण्याचं काम करणारा शेड्यूल्ड जॉब कुठल्याच सर्व्हरवर चालू नव्हता. मॅट्रिक्स मात्र पूर्ण हिरवी.

फोडली असती तर काय दिसलं असतं बघा. REQ-14.1 पाचव्या चुकीला लॉक, REQ-14.2 ३० मिनिटांनी आपोआप उघडणं, REQ-14.3 ईमेल, REQ-14.4 अॅडमिनने आधी उघडणं. TC-031 फक्त 14.1 ला लागते. खालच्या तीन ओळी उघड्या पडल्या असत्या, पहिल्याच दिवशी, आणि टेस्ट लिहायला भरपूर वेळ होता.

कुठे फोडायचं ते कसं कळणार? "आणि", "तसेच", "किंवा", "अन्यथा", "वगळता" हे शब्द दिसले की थांबा, स्वल्पविराम दिसला तरी थांबा. मग एकच प्रश्न विचारा, यातला एक भाग बरोबर चालून दुसरा बिघडू शकतो का? लॉक होतंय पण ईमेल जात नाहीये, हे शक्य आहे ना, मग ते दोन आहेत, फोडा. उलट बाजूने थांबायचं कुठे, तर एका तुकड्याला पास की फेल याचं एकच उत्तर मिळत असेल तिथे. त्यापुढे तुकडे केले तर ओळी इतक्या वाढतात की नंतर कोणी त्या अपडेट करत नाही. कामाला वेळ लागतो, लागू दे. हे सोडून पुढे जाऊ नका.

फोडताना अजून एक फायदा होतो जो मला नंतर कळला. 14.2 वेगळी लिहिली की लगेच मनात येतं, खातं उघडल्यावर आधीच्या ५ चुका मोजणीत राहतात की शून्य होतात? राहिल्या तर उघडल्यावर पहिल्याच चुकीला परत लॉक. हे डॉक्युमेंटमधे कुठेच नव्हतं. मॅट्रिक्स फक्त लिहिलेल्या गोष्टींची गॅप दाखवते, न लिहिलेली रिक्वायरमेंट तिला दिसत नाही, त्यामुळे असे प्रश्न बिझनेस अॅनालिस्टकडून लेखी सोडवून घ्या आणि उत्तराला नवीन आयडी द्या.

मग लिंक. कृपा करून एका सेलमधे स्वल्पविराम देऊन चार टेस्ट केस कोंबू नका, नंतर मोजता येत नाही. `Links` नावाची वेगळी शीट, एका ओळीत एकच जोडी, A मधे रिक्वायरमेंट, B मधे टेस्ट केस. मग रिक्वायरमेंटच्या शीटमधे, आयडी A कॉलममधे असताना:

```
=COUNTIF(Links!A:A,A2)
```

शून्य आलं की गॅप. आयडीला REQ- असं अक्षरी नाव हवंच, कारण नुसतं 14.1 आणि 14.10 लिहिलंत तर COUNTIF दोन्हीला एकच आकडा समजतो. आणि आयडीच्या शेवटी चुकून स्पेस राहिली तर लिंक असूनही शून्य येतं, म्हणून गॅप दिसली की आधी ते तपासा.

लिंक करताना टेस्टचं नाव बघून लिंक करू नका. TC-031 चं नाव "अकाउंट लॉक" होतं, त्यावरच मी फसले. एक्स्पेक्टेड रिझल्ट उघडून वाचा, त्या तुकड्यात जे व्हायला हवं म्हटलंय ते तिथे तपासलंय का? नसेल तर लिंक नाही. शिवाय एक लिंक म्हणजे झालं असंही नाही. 14.1 लाच बघा, चौथ्या चुकीला लॉक होता कामा नये, आणि "सलग" म्हटलंय म्हणजे मधे बरोबर पासवर्ड टाकला तर मोजणी नव्याने सुरू व्हायला हवी. TC-031 यातलं काहीच बघत नाही. COUNTIF ला १ दिसतो, खरं तर तीन टेस्ट हव्यात. हा निर्णय फॉर्म्युला घेणार नाही, तुम्हालाच वाचावं लागेल.

उलटी बाजू पण, टेस्ट केसच्या शीटमधे:

```
=COUNTIF(Links!B:B,A2)
```

इथे शून्य म्हणजे ती टेस्ट कुठल्याच रिक्वायरमेंटसाठी नाही. लगेच डिलीट करू नका, कधी कधी तीच सांगते की डेव्हलपरने न मागितलेलं काहीतरी बनवलंय किंवा रिक्वायरमेंट लिहायची राहिलीय.

बाकीचं थोडक्यात. कव्हर झालं आणि पास झालं हे दोन वेगळे कॉलम. रिक्वायरमेंटचा व्हर्जन नंबर लिंकच्या ओळीत लिहा, कारण उद्या ३० मिनिटांची १५ झाली तरी लिंक हिरवीच राहते आणि टेस्ट जुनंच तपासत बसते. व्हर्जन बदललं की त्या लिंका परत वाचायच्या. ज्या गॅप मुद्दाम सोडताय त्यासमोर कारण आणि कोणी मान्य केलं ते लिहा, रिकामं नको.

आणि रिव्ह्यूला पाठवायच्या आधी रिक्वायरमेंटच्या शीटमधे Ctrl+F दाबून "आणि" शोधा. एकाही ओळीत सापडला तर ती अजून फोडायची राहिलीय, पाठवू नका.