आत्मकारक काढताना या चुका टाळा : एकाच मुलीच्या पत्रिकेत तीन आत्मकारक निघतात तेव्हा

सोलापुरातल्या जुन्या घरांत एकाच मुलीच्या तीन पत्रिका सापडणं नवलाचं नाही. एक आजोबांनी टिळक पंचांगावरून मांडून घेतलेली, दुसरी आपल्या गावच्याच दाते पंचांगावरून केलेली आणि तिसरी मोबाइलमधली. अशीच एक पत्रिका उदाहरणाला घेऊ. कन्या लग्न, रात्री नऊच्या सुमाराचा जन्म. मुलीचा आत्मकारक, म्हणजे जैमिनी पद्धतीत पत्रिकेतला मुख्य मानलेला ग्रह, आजोबांच्या कागदावर गुरू, दुसऱ्या पत्रिकेत शनी आणि मोबाइलवर राहू. तिघांनीही बेरीज-वजाबाकी बरोबर केलेली आहे. मग गाडी अडली कुठे?

आत्मकारक काढायची रीत सोपी आहे. ग्रह कोणत्या राशीत आहे ते बाजूला ठेवायचं आणि त्या राशीत तो किती अंश पुढे गेला, एवढंच बघायचं. ज्याचे अंश सगळ्यांत जास्त तो आत्मकारक. अंश सारखे असले तर कला बघायच्या, त्याही सारख्या असल्या तर विकला. मीन राशीतला ग्रह राशिचक्रात शेवटी येतो म्हणून त्याला मोठा धरणं ही अगदी नवख्याची चूक आहे, ती एकदा सांगितली की सुटते. खरी भानगड तिच्या पुढे आहे.

या मुलीच्या दाते पंचांगाच्या पत्रिकेत मिथुनेचा शनी २७ अंश २६ कला, कन्येचा गुरू २४ अंश ३८ कला आणि मकरेचा शुक्र २०–२१ अंशांवर. बाकीचे रवी, चंद्र, मंगळ, बुध बारा अंशांच्या आतच. म्हणजे शनी सरळ पहिला. आता टिळक पंचांग बघा. दाते पंचांग चित्रापक्षाचं, टिळक पंचांग रेवतीपक्षाचं. दोघांच्या अयनांशात, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा त्या हिशेबात, सुमारे चार अंशांचा फरक आहे आणि टिळक पंचांगात प्रत्येक ग्रह तेवढा पुढे दिसतो. सगळेच ग्रह सारखे सरकले, तर क्रम बदलायला नको, असं कुणालाही वाटेल. पण २७ अंशांवरचा शनी चार अंश पुढे गेला की मिथुन ओलांडून कर्केत दीड अंशावर येऊन बसतो. जो पहिला होता तो एकदम शेवटच्या रांगेत जातो आणि २८ अंशांवर पोचलेला गुरू आत्मकारक होतो.

यातून एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. चित्रापक्षाच्या पत्रिकेत आत्मकारक २६ अंशांच्या पुढे असेल, तर रेवतीपक्षाच्या पत्रिकेत तो हमखास बदलणार. म्हणून जुना कागद हातात आला की आधी पंचांग कोणतं ते विचारावं. अंश न लिहिता नुसत्या बारा घरांत ग्रह मांडलेला कागद असेल, तर त्यावरून आत्मकारक सांगूच नये. आणि एका पंचांगाचे अंश घेऊन दुसऱ्या पंचांगाच्या नवमांशावर कारकांश, म्हणजे आत्मकारकाची नवमांशातली रास, बघणं, हा प्रकारही सर्रास चालतो. तो तर निव्वळ घोळ आहे.

आता मोबाइलमधला राहू. जैमिनीसूत्रातच ‘सप्तानामष्टानां वा’ असं म्हटलंय, सातांपैकी किंवा आठांपैकी. त्यामुळे दोन पंथ पडले. एक रवी ते शनी सातच ग्रह घेतो, दुसरा राहूलाही धरतो. केतूला कुणीच घेत नाही. राहू उलटा चालतो म्हणून त्याचे अंश ३० मधून वजा करतात. या मुलीचा राहू मेषेत २ अंश ४ कला, म्हणजे क्रमासाठी २७ अंश ५६ कला. शनीच्या २७ अंश २६ कलांना तो जेमतेम अर्ध्या अंशाने मागे टाकतो. शनी इथे वक्री आहे, म्हणून काही जण त्याचेही अंश ३० मधून वजा करायला धावतात. तसं करायचं नाही. वजाबाकी फक्त राहूची.

त्यातही एक बारीक खाच आहे. वजाबाकी केवळ क्रम लावण्यापुरती असते. राहूचा नवमांश काढायचा तो त्याच्या मूळ २ अंश ४ कलांवरूनच, म्हणजे मेष. २७ अंश ५६ कला धरून नववा नवमांश काढला तर धनू येतो, आणि कारकांश मेषेऐवजी धनू धरला की पुढचं सगळं वाचन दुसऱ्याच माणसाचं होतं. शिवाय अ‍ॅपमध्ये मध्यम राहू आहे की स्पष्ट राहू, तेही बघावं. दोघांत दीड अंशापर्यंत अंतर पडू शकतं. या पत्रिकेत राहूच पुढे राहतो, पण दुसरीकडे निकाल फिरू शकतो.

सात की आठ, यात मी सातांकडे झुकतो. दोन ग्रह अंश-कलांसकट बरोबरीत आले तरच राहूला आणावं, हे मत मला पटतं. तुम्ही आठ घ्या, हरकत नाही, पण मग शेवटपर्यंत आठच घ्या. आत्मकारक आठांतला, अमात्यकारक म्हणजे त्याच्या खालोखालचा ग्रह मात्र सातांतला, असं करू नका. इथे आठ घेतले तर शनी अमात्यकारक होतो, सात घेतले तर गुरू. जोडीदाराचा दाराकारक मात्र शेवटचा असतो, त्याला या पत्रिकेत या वादाचा धक्का लागत नाही. तेव्हा लग्नाबद्दलचं वाचन खरं ठरलं म्हणून आपली पद्धत बरोबर, असा निष्कर्षही काढू नका.

चुरस चंद्राशी असेल तर जन्मवेळेवर नजर हवी. चंद्र दोन मिनिटांत साधारण एक कला सरकतो. सोलापूरची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २६ मिनिटं मागे आहे आणि जुन्या कागदांवर कधी ही वेळ तर कधी ती वेळ लिहिलेली असते. तेरा-चौदा कलांचा फरक इथेच पडतो.

आत्मकारक ठरला की वाचनातली चूक सुरू होते. शनी आत्मकारक म्हणजे मुलगी शनीसारखी सावळी, संथ, अबोल, हे वर्णन लग्नेश आणि चंद्रावरून करायचं असतं. त्याहून वाईट म्हणजे लगेच नीलम सुचवणं. जैमिनी परंपरेत आत्मकारकाकडे, जिवाला या जन्मात ज्या विषयातून पुन्हा पुन्हा जावं लागतं त्याचा निर्देशक म्हणून बघतात. तो ग्रह सोयीचं फळ देईलच असं नाही, बऱ्याचदा तोच विषय दुखरा असतो. शनीचा विषय म्हणजे विलंब, कष्ट, दुसऱ्याचं दुःख वाहणं. तो दशमात बसलाय, म्हणून या मुलीच्या बाबतीत हे कामाच्या जागी शोधायचं. हुशारीला साजेसा हुद्दा उशिरा मिळतो का, सहकाऱ्यांचं ओझं तिच्यावर येतं का, आणि ते आल्यावर ती कडवट होते की टिकून राहते, हे विचारायचे प्रश्न आहेत.

शनीचा नवमांशही मिथुनच आहे, म्हणजे कारकांश मिथुन. इथे अनेकांची शेवटची गफलत होते. ते नेहमीच्या दृष्टी लावतात. गुरू कन्येतून पाचवी, सातवी, नववी दृष्टी टाकतो, त्यात मिथुन येत नाही. म्हणून ‘गुरूचा आधार नाही’ असं सांगून मोकळे होतात. जैमिनीत मात्र राशिदृष्टी चालते आणि मिथुन, कन्या, धनू, मीन या द्विस्वभाव राशी एकमेकींना बघतात. म्हणजे कन्येतला गुरू आणि धनूतला मंगळ, दोघांचीही दृष्टी कारकांशावर आहे. एकीकडे शिकवणारा, समजावणारा हात, दुसरीकडे घाई आणि चीड. शनीच्या कामात या मुलीची ओढाताण नेमकी या दोघांमध्ये होते, असं वाचन निघतं.

सूत्रांतली कारकांशाची फळं शब्दशः घेऊ नयेत, एवढं मात्र जरूर सांगतो. मेष कारकांशाला सूत्रकार उंदीर-मांजरांचा त्रास सांगतात आणि मिथुनेला खाज आणि स्थूलपणा. मोबाइलवर राहू आत्मकारक निघाला म्हणून या मुलीच्या आईला घरात मांजर पाळू नका, असं कुणी सांगितलं, तर त्याने सूत्र वाचलंय, पत्रिका वाचलेली नाही.