पर्यायांचा फोटो बघून घाईत उत्तर देता? या चुका टाळा

नाशिकला अशोकस्तंभाजवळच्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी अंकगणित घेतो, आणि क्लास सुटला की खरा क्लास फोनवर सुरू होतो. दिंडोरी, पेठ, सिन्नरकडची पोरं एसटीत बसल्या बसल्या प्रश्नाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, खाली एकच ओळ, "सर उत्तर?" मग दोन मिनिटांत चार जण उत्तर देतात आणि चौघांचं वेगळं. दरवेळी गणित चुकलेलं असतं असं नाही बरं का. बऱ्याचदा त्या फोटोतले पर्यायच गंडलेले असतात, म्हणजे एखादा दोनदा आलाय, एखादा कापला गेलाय, नाहीतर नंबरच उलटसुलट पडलेत, आणि उत्तर देणाऱ्याने ते बघितलेलंच नसतं. मी स्वतः यात तोंडावर पडलोय, म्हणून लिहितोय.

दोन पर्याय सारखे दिसले की "छापायची चूक" म्हणून मोकळं होणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण मीच केली होती. प्रश्न साधा होता. १५० मीटर लांबीची आगगाडी एक खांब १२ सेकंदांत ओलांडते, तर गाडीचा वेग किती? फोटोत पर्याय असे दिसत होते: (१) १२.५ (२) ४५ (३) १२.५ (४) ५४. मी तेव्हा सीबीएसवर बसची वाट बघत उभा, एका हातात चहा. खांब ओलांडायचा म्हणजे गाडी स्वतःच्या लांबीइतकं अंतर कापते, म्हणून १५० भागिले १२, आले १२.५ मीटर प्रति सेकंद. त्याला १८/५ ने गुणलं की ४५ किलोमीटर प्रति तास. आगगाडीचा वेग म्हटलं की डोक्यात किमी प्रति तासच येतो ना, त्यात १२.५ दोनदा छापलेलं, म्हणजे ते दोन्ही बाद, असं माझं मीच ठरवलं आणि लिहून टाकलं, "पर्याय २, ४५". वर आणखी शहाणपणा, "१ आणि ३ सारखेच आहेत, छपाईची चूक."

दुसऱ्या दिवशी पोरगा पुस्तकच घेऊन आला. फोटोत उजवीकडची कड कापली गेली होती आणि त्या कडेला एककं होती. खरे पर्याय होते १२.५ किमी/तास, ४५ मी/से, १२.५ मी/से आणि ५४ किमी/तास. म्हणजे बरोबर उत्तर (३), आणि मी दिलेला (२) म्हणजे ४५ मीटर प्रति सेकंद, जे किमी/तास मध्ये १६२ होतं! पेपर काढणाऱ्याने मुद्दामच तसा सापळा लावला होता आणि मी चहाच्या घोटाबरोबर त्यात पाय घातला. पोरगं काही बोललं नाही, पण ग्रुपवरच्या माझ्या मेसेजला सात अंगठे पडले होते, ते सातही जण चुकीचंच पाठ करून बसले.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. दोन पर्याय सारखे दिसले की आधी ते खरंच सारखे आहेत का ते बघायचं. फोटो मोठा करायचा आणि तीन ठिकाणी नजर फिरवायची. उजवी कड, तिथे एकक असतं. आकड्याच्या डोक्यावर, तिथे घात असतो, आणि झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये १० चा वर्ग आणि १० चा घन दोन्ही नुसते १० होऊन बसतात. आणि आकड्यांच्या मधे, तिथला दशांश टिंब पहिला उडतो, मग २.५ आणि २५ जुळे भाऊ दिसतात. उणे चिन्हाचंही तेच. कड कापलेली दिसली, म्हणजे शेवटच्या अक्षराला मोकळी जागाच नाही, तर मी उत्तर असं देतो: "वेग १२.५ मी/से, म्हणजेच ४५ किमी/तास. ज्या पर्यायात आकडा आणि एकक दोन्ही जुळतील तो घे. उजवी बाजू दिसत नाहीये, परत फोटो टाक." टाइप करायला वीस सेकंद जास्त लागतात, लागू देत.

आता कधी कधी पर्याय खरोखरच डबल असतो. परवाच एक आला होता, १२०० रुपयांचं द.सा.द.शे. १० दराने २ वर्षांचं चक्रवाढ व्याज, पर्याय २४०, २५२, २५२, २६४. फोटो स्वच्छ, चारही कडा दिसतात, कुठे टिंब नाही की एकक नाही. पहिल्या वर्षाचं व्याज १२०, दुसऱ्या वर्षी १३२० वर १३२, बेरीज २५२. इथे उत्तर "२५२ रुपये" असंच लिहायचं आणि पुढे स्पष्ट सांगायचं की (२) आणि (३) दोन्ही तेच आहेत, पुस्तकाच्या उत्तरतालिकेत यातला कुठलाही नंबर असू शकतो, तेवढ्यासाठी गणित चुकलं म्हणून डोकं धरू नकोस. डबल झालेला पर्याय जर उत्तरच नसेल, समजा २४० दोनदा आलं असतं, तर काही बिघडत नाही, पुढे चला. आणि खऱ्या परीक्षेत असं झालं तर? एमपीएससी आधी पहिली उत्तरतालिका लावते, तिच्यावर हरकती मागवते, मग अंतिम तालिका येते. तिथे हरकत घ्यायची. वर्गात उभं राहून पर्यवेक्षकाशी वाद घालत बसायचं नाही, वेळ तुमचा जातो.

तीनच पर्याय दिसतायत आणि तरी ठोकून उत्तर देणं

हा फोटो तर आपल्याच जिल्ह्याचा होता म्हणून लक्षात राहिला. "खालीलपैकी कोणत्या नदीचा उगम नाशिक जिल्ह्यात होतो?" (१) गोदावरी (२) दारणा (३) गिरणा. खाली पोराचा अंगठा. ग्रुपवर धडाधड "१", "१", "१ सर सोपं आहे". अरे नाशिकच्या पोराला ब्रह्मगिरी माहिती असणारच, त्यात कौतुक काय! पण दारणा इगतपुरीच्या डोंगरातून निघते, गिरणा कळवण-सुरगाण्याकडच्या डोंगरातून निघते, म्हणजे तिन्ही आपल्याच. दिसणारे तिन्ही पर्याय बरोबर असतील तर अंगठ्याखाली काय असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. अंगठा काढून फोटो मागवला, "(४) वरील सर्व".

प्रश्नपत्रिकेत "वरील सर्व" आणि "यापैकी नाही" ही दोन माणसं बहुतेक वेळा शेवटच्याच खुर्चीत बसतात, आणि फोटोत कापली जाते ती पण शेवटचीच खुर्ची. म्हणून चौथा पर्याय दिसत नसेल तर पहिला बरोबर सापडला म्हणून थांबायचं नाही, दुसरा आणि तिसरा का चूक आहे तेही तपासायचं. ते दोन्ही पक्के चूक निघाले तर "वरील सर्व" असूच शकत नाही, मग बिनधास्त उत्तर द्या. नाही निघाले तर फोटो परत मागा.

याच्या उलटही होतं. एक माणूस काम १२ दिवसांत करतो, दुसरा २४ दिवसांत, दोघं मिळून किती दिवसांत? १/१२ अधिक १/२४ म्हणजे ३/२४, म्हणजे १/८, उत्तर ८ दिवस. दिसणारे पर्याय ६, ९, १०. एकाने लिहिलं "९, जवळचं तेच आहे." जवळचं म्हणजे काय रे, हे काय कांद्याचा भाव आहे का, की दोन रुपये इकडेतिकडे चालेल? प्रश्नात "अंदाजे" किंवा "सुमारे" नसेल तर जवळचा पर्याय नावाची गोष्टच नसते. आपलं उत्तर पर्यायांत नसेल तर आधी प्रश्न परत वाचायचा (निम्म्या वेळा तिथेच सापडतं, "दोघं मिळून निम्मं काम" असं काहीतरी), मग गणित दुसऱ्या पद्धतीने करून बघायचं, आणि तरी ८ च येत असेल तर तसंच लिहायचं, "८ दिवस, दिसणाऱ्या तीनमध्ये नाही, चौथा दाखव". चौथा कोरा निघाला किंवा तिथेही ८ नसेल तर प्रश्न चुकलाय असं म्हणायला मी लाजत नाही. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात, तिथे जवळचं उत्तर देणाऱ्याला गुण कमी होणंच जवळ असतं.

नुसता नंबर सांगणं

"उत्तर ३." संपलं. कुठला ३? एका झेरॉक्सवर (१) (२) (३) (३) असे नंबर होते, दोन तिसरे आणि चौथा गायब. दुसऱ्या एका फोटोत पर्याय दोन रकान्यांत होते आणि कंस पुसलेले, तर आडवं वाचणाऱ्याचा दुसरा पर्याय हा उभं वाचणाऱ्याचा तिसरा. दोघंही बरोबर उत्तरावर होते आणि अर्धा तास भांडत होते, मला मिसळ सोडून उठावं लागलं. नंबर नाही, पर्यायाचे शब्द लिहा. "गिरणा", "२५२ रुपये", "फक्त अ आणि क". बास.

विधानांचे प्रश्न तर त्याहून वाईट, विधानं अ, ब, क आणि पर्यायही अ, ब, क, ड असतात काही पुस्तकांत. तिथे "क" म्हटलं की विधान क की पर्याय क? पूर्ण लिहा, "विधान अ आणि क बरोबर".

आकड्यांचं एक, मराठी १ आणि इंग्रजी 9 धूसर फोटोत एकच दिसतात, तेव्हा त्याच पानावरचा दुसरा एखादा नक्की माहिती असलेला आकडा बघा, पान क्रमांक किंवा प्रश्न क्रमांक, म्हणजे पुस्तक कुठल्या लिपीतलं ते कळतं.

द्विभाषिक पेपर असेल तर मराठी पर्याय गंडलेला वाटला की शेजारचा इंग्रजी मजकूर वाचायचा. फोटो काढणारे नेमकी तीच बाजू कापतात, "आपल्याला काय करायचंय इंग्रजीशी" म्हणून.

आणि फोटो टाकणाऱ्यांसाठी, पान टेबलावर ठेवा, प्रश्नाच्या वरची एक ओळ आणि पुढच्या प्रश्नाची पहिली ओळ फ्रेममध्ये येऊ द्या, म्हणजे मधलं काही कापलं नाही हे समोरच्याला कळतं. अंगठा बाहेर. माझ्या ग्रुपवर आता पुढच्या प्रश्नाची ओळ दिसत नसेल तर मी उत्तरच देत नाही, सरळ "पूर्ण फोटो" एवढंच लिहितो. पहिले आठ दिवस पोरं वैतागली, दोघं तर ग्रुप सोडून गेली. त्यातला एक मागच्या आठवड्यात परत आला, पहिलाच फोटो टाकला, त्यात अर्धं टेबल, पाण्याची बाटली आणि शेजारच्याची चप्पलसुद्धा आली होती. पण चारही पर्याय दिसत होते.