एका डोळ्याने पुन्हा मोटार चालवण्यापूर्वीची तयारी

ही यादी डावा डोळा गमावलेल्या, पण उजव्याने स्वच्छ दिसणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. स्टिअरिंगला हात लावण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून चांगल्या डोळ्याची दृष्टी आणि दृष्टिक्षेत्र तपासून घ्यावे, किती महिने थांबायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे आणि आरटीओच्या अर्जात ही गोष्ट लपवू नये.

थांबण्याच्या काळात घरातच सराव करावा. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांतील सूक्ष्म फरकावरून मेंदू जवळची अंतरे ओळखतो. तो आधार गेला की तांब्यातले पाणी पेल्याबाहेर सांडते आणि जिन्याची शेवटची पायरी चुकते. म्हणून तांब्याचा काठ पेल्याला टेकवूनच पाणी ओतावे आणि डोके किंचित डावी-उजवीकडे हलवून पाहण्याची सवय लावावी, कारण डोके हलले की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा जास्त सरकलेली दिसते आणि त्यावरून अंतर कळू लागते.

गाडीत बसल्यावर पहिले लक्ष काचेच्या दोन्ही कडांच्या खांबांकडे द्यावे; याविषयी फारसे कोणी सांगत नाही, पण मला हीच सर्वांत धोक्याची जागा वाटते. दोन डोळे असताना एका डोळ्याला खांबाआड जे दिसत नाही, त्यातले बरेचसे दुसऱ्याला दिसते. एकाच डोळ्याला मात्र खांबामागे दुचाकीस्वार पूर्ण लपू शकतो, आणि गाडी व तो अशा वेगाने चौकाकडे येत असतील की त्याची दिशा बदलतच नाही, तर तो धडक होईपर्यंत लपलेलाच राहतो. त्यामुळे चौकात शिरण्यापूर्वी वेग कमी करून अंग पुढे-मागे झुकवावे आणि खांबाच्या दोन्ही अंगांनी पाहावे. डावीकडचा काही भाग नाकानेही झाकला जातो, म्हणून डावीकडे वळताना आरशावर न थांबता हनुवटी खांद्यापर्यंत वळवावी.

पुढच्या गाडीपासून निदान चार सेकंदांचे अंतर ठेवावे. ताशी 50 किलोमीटर वेगाला ते सुमारे 55 मीटर होते. ती गाडी एखादा खांब ओलांडताच सेकंद मोजावेत, म्हणजे अंतर डोळ्याने जोखावे लागत नाही. सिग्नलला थांबताना तिची मागची चाके जमिनीला टेकलेली दिसतील इतके मागे राहावे. सुरुवातीला रात्री गाडी चालवू नये, कारण अंधारात सावल्या आणि आकार यांचा आधार उरत नाही आणि एकच दिवा दिसला की तो दुचाकीचा की एक दिवा बंद पडलेल्या ट्रकचा, हे लवकर उमगत नाही.

नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा चष्मा कायम वापरावा आणि ग्राइंडर चालवताना किंवा फांद्या छाटताना त्यावर बाजूने बंद असलेला संरक्षक गॉगल घालावा. डोळ्यात कण गेलाच, तर चोळू नये. गाडी चालवत असल्यास हॅझर्ड दिवे लावून ती कडेला घ्यावी. अचानक प्रकाशाचे लखलखाट, काळ्या ठिपक्यांचा नवा वर्षाव किंवा एका बाजूने पडदा सरकल्याचा भास झाला, तर नेत्रपटल सुटत असण्याची शक्यता असते. अशा वेळी स्वतः गाडी न चालवता, दुखत नसले तरी त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.