‘एक चिडिया, अनेक चिडिया’: जुन्या बालफितींची माहिती लिहिताना या चुका टाळा

लहानपणीचे कार्यक्रम, बाहुल्या आणि गाणी यांवर उत्साहाने लिहिणारे पुष्कळ आहेत. मूळ फीत शेवटपर्यंत पाहून लिहिणारे मात्र फार थोडे. ‘एक चिडिया, अनेक चिडिया’ हेच उदाहरण घेऊ, कारण या एका छोट्या फितीबद्दल जवळपास सगळ्याच चुका केल्या जातात.

पहिली चूक नावाची. ‘एक चिडिया’ हे गाण्याच्या ओळींतून लोकांनी दिलेलं नाव आहे, फितीचं नाव ‘एक अनेक और एकता’. पुस्तकालयाच्या किंवा संग्रहालयाच्या यादीत ‘चिडिया’ शोधलंत तर हाती काही लागत नाही, मग माणूस ‘नोंदच नाही’ असं लिहून मोकळा होतो. ‘हिंद देश के निवासी’ हे गाणंही याच फितीतलं आहे. त्याची वेगळी फीत शोधत बसू नका.

दुसरी चूक सगळ्यात जास्त पसरलेली आणि सगळ्यात त्रासदायक: ‘दूरदर्शनने ऐंशीच्या दशकात बनवलेली फीत’. फीत पाहिली दूरदर्शनवर, म्हणून ती दूरदर्शनचीच, असं लोक गृहीत धरतात. प्रत्यक्षात ती फिल्म्स डिव्हिजनची, 1974 सालची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं आणि अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं, म्हणजे पुढे ‘घरौंदा’ दिग्दर्शित करणारे तेच. संगीत वसंत देसाईंचं आणि मुलीचा आवाज लहानग्या साधना सरगम यांचा.

समजा श्रेयनामावली तुमच्या हाती नाही, फक्त संगीत वसंत देसाईंचं आहे एवढंच पक्कं ठाऊक आहे. देसाई डिसेंबर 1975 मध्ये गेले. म्हणजे संगीत त्यानंतरचं असूच शकत नाही आणि ऐंशीचं दशक तिथेच बाद होतं. गाणाऱ्या मुलीचा जन्म 1969 चा. आवाज पाचेक वर्षांच्या मुलीचा वाटतो, तोही 1974 शी जुळतो. आवाजावरून काढलेलं वय हा पुरावा नाही, पण आधीच्या निष्कर्षाला तो छेद देत नाही, इतकं बघायचं. साल ठरवताना आधी ‘याच्यानंतरचं नाही’ आणि ‘याच्याआधीचं नाही’ अशा दोन बाजू बंद कराव्यात. लगेच एक आकडा लिहायची घाई करणारेच फसतात.

मग ऐंशीचं दशक इतकं डोक्यात का बसलंय? त्या दशकात घराघरांत टीव्ही आले आणि जुन्या फिती पुन्हा पुन्हा लागल्या. पाहणाऱ्याचं साल हे फितीचं साल नव्हे. म्हणून टिपण करताना तीन रकाने वेगळे ठेवा: कधी बनली, कधी दाखवली गेली, सांगणाऱ्याने कधी पाहिली. इंटरनेटवर चढवल्याची तारीख यांपैकी कुठल्याच रकान्यात जात नाही. ‘जंगल जंगल बात चली है’च्या बाबतीत तर आणखी एक रकाना लागतो: ‘द जंगल बुक’ ही मालिका 1989 ची जपानी, पण ते शीर्षकगीत भारतात नव्याने केलेलं, शब्द गुलजारांचे आणि संगीत विशाल भारद्वाज यांचं.

रंगांच्या आठवणीचंही असंच होतं. ‘ती कृष्णधवल होती’ असं कुणी ठामपणे सांगितलं तर तो माणूस खोटं बोलत नाही. फीत रंगीत आहे, घरातला संच कृष्णधवल होता. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये सुरू झालं आणि त्यानंतरही कित्येक घरांत जुनाच संच होता. त्यामुळे रंगावरून फितीचं साल काढू नका.

मोठ्यांना विचारताना आधी मोबाइलवर फीत दाखवणं हा तर सरळ आळस आहे. एकदा चित्र पाहिलं की आठवण आणि चित्र एकमेकांत मिसळतात, पुन्हा वेगळे होत नाहीत. आधी विचारा: कुणाच्या घरी पाहिलंत, तेव्हा कितवीत होतात, शेजारी कोण बसलं होतं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. भावंडं असतील तर वेगवेगळं विचारा. फीत दाखवायची ती सगळ्यात शेवटी.

फीत पाहताना पूर्ण प्रत मिळवा. फिरणाऱ्या बऱ्याच प्रतींत सुरुवात आणि शेवट कापलेला असतो आणि नेमकी नावं तिथेच असतात. श्रेयनामावलीवर थांबा, प्रत्येक नाव जसं लिहिलंय तसंच उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका.

बाहुल्यांबाबत: बनवणारा, चालवणारा आणि आवाज देणारा, तिघांची नोंद वेगळी हवी. अर्धवटराव हे बोलकं बाहुलं य. के. पाध्ये यांचं, रामदास पाध्ये हे त्यांचे चिरंजीव. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा.

अप्पू हत्ती हा 1982 च्या दिल्ली एशियाडचा शुभंकर, कुठल्या मालिकेतलं पात्र नव्हे.

‘मिले सुर मेरा तुम्हारा’ 1988 चं आहे. त्याला एशियाडच्या आठवणींत घालू नका.