दरकपातीची आकृती: नेमका कोणता वक्र सरकवायचा?

चाचणीतला प्रश्न असा होता: ७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ६.२५ टक्क्यांवर आणला, त्याचा पैशाच्या बाजारावरचा परिणाम आकृतीने दाखवा. व्याजदर खाली येतो हे जवळपास सगळ्यांनी लिहिलं आहे. पण तो कशामुळे खाली आला हे बऱ्याच आकृत्यांमधून दिसत नाही, आणि काही आकृत्यांमधून तर उलटंच दिसतं. म्हणून हीच आकृती आपण पहिल्या रेघेपासून पुन्हा काढू.

आधी अक्ष. उभ्या अक्षावर व्याजदर लिहा. हा चलनवाढ वजा न केलेला, म्हणजे बँकेच्या फलकावर दिसतो तसा दर. आडव्या अक्षावर पैशाचं प्रमाण. काहींनी तिथे ‘बचत व गुंतवणूक’ लिहिलं आणि पुरवठ्याचा वक्र वर चढणारा काढला. ती कर्जाऊ निधीची आकृती झाली. तिथे दर वाढला की लोक जास्त बचत करतात, म्हणून वक्र चढतो. आपल्या आकृतीत पैसा किती असावा हे मध्यवर्ती बँक ठरवते, दर कितीही असला तरी ते प्रमाण तेवढंच राहतं असं आपण धरतो, म्हणून पुरवठ्याची रेषा सरळ उभी येते. आडव्या अक्षावरच्या प्रमाणांना एम-१, एम-२ अशी नावं देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत ती पैशाच्या वेगवेगळ्या मापांची नावं आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. साधं ‘प्र१’, ‘प्र२’ लिहा.

आता पैशाच्या मागणीचा वक्र, डावीकडून उजवीकडे उतरणारा. तो का उतरतो हे एकदा नीट पटलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. समजा तुम्ही १ लाख रुपये घरात रोख ठेवले आणि मुदत ठेवीवर ७ टक्के व्याज मिळतंय. मग वर्षाला ७,००० रुपयांवर तुम्ही पाणी सोडता. दर ६ टक्के झाला तर ६,००० रुपयांवर. पैसा हाताशी ठेवणं स्वस्त झालं, म्हणून लोक तो थोडा जास्त ठेवतात. म्हणजे दराचा परिणाम वक्राच्या उतारातच सामावलेला आहे. मागणीची रेषा आणि पुरवठ्याची उभी रेषा जिथे छेदतात तिथे ‘स१’ लिहा आणि उभ्या अक्षावर ६.५० मांडा. अक्ष शून्यापासून सुरू केलात तर पाव टक्क्याचा फरक दिसणारच नाही, म्हणून तळाशी तुटक खूण करून ६ टक्क्यांच्या आसपासचा भागच मोठा काढा.

यापुढची पायरी सगळ्यात जास्त चुकली आहे. अनेकांनी लिहिलं, ‘दर कमी झाला म्हणून पैशाची मागणी वाढली’, आणि मागणीचा अख्खा वक्र उजवीकडे सरकवला. आता तुमची स्वतःची आकृती पाहा. पुरवठ्याची रेषा उभी आणि जागच्या जागी असताना मागणी उजवीकडे गेली, तर नवा छेदनबिंदू वर जातो. दर ६.५० पेक्षा जास्त झाला! दरकपात दाखवायला निघालेली आकृती दरवाढ दाखवते आहे. व्याजदर उभ्या अक्षावरच असल्यामुळे तो बदलला की आपण त्याच वक्रावर एका बिंदूवरून दुसऱ्यावर जातो. हा मागणीचा विस्तार. मागणीत वृद्धी होऊन अख्खा वक्र सरकायला उत्पन्न, किंमतपातळी, व्यवहारांची संख्या असं अक्षाबाहेरचं काहीतरी बदलावं लागतं.

मागणीचा वक्र डावीकडे सरकवणाऱ्यांची चूक पकडायला जास्त अवघड आहे, कारण त्यांचा दर खरंच खाली आला. पण आडव्या अक्षावर पैसा होता तेवढाच राहिला. ती गोष्ट वेगळी आहे: व्यवहार मंदावले, लोकांना पैसा कमी लागू लागला, आणि मध्यवर्ती बँकेने काहीच न करता दर उतरला. आपल्या प्रश्नात बँकेने पाऊल उचललं आहे. तेव्हा तपासताना दोन्ही अक्ष वाचा. दर खाली आणि पैसा उजवीकडे, असं दोन्ही मिळून दिसलं तरच आकृती बरोबर.

म्हणजे सरकवायची ती पुरवठ्याची उभी रेषा, उजवीकडे. मागणीच्या त्याच वक्रावर ‘स२’ येईल, दर ६.२५. पण रेषा सरकली हे दाखवून थांबू नका, ती कशाने सरकली हे आकृतीशेजारी एका वाक्यात लिहा. दराची नुसती घोषणा झाली आणि पुरवठा हलला नाही, तर छेदनबिंदू जुन्याच जागी राहील. त्या वेळी बँकांकडे रोख पैशाची चणचण होती. २७ जानेवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने ६०,००० कोटी रुपयांचे सरकारी रोखे तीन टप्प्यांत विकत घेण्याचं जाहीर केलं, शिवाय ५६ दिवसांच्या रेपो लिलावातून ५०,००० कोटी देऊ केले. हे उपाय दरकपातीच्या आधी, ती चणचण दूर करण्यासाठी जाहीर झाले होते. पण पुरवठ्याची रेषा सरकते म्हणजे काय होतं, ते इथे स्पष्ट दिसतं: बँक रोखे देते, रिझर्व्ह बँक तिच्या खात्यात पैसे जमा करते, आणि एका रात्रीपुरत्या उसन्या पैशाचा दर नव्या रेपोकडे उतरू शकतो.

काही जणांनी पुढे जाऊन, स्वस्त कर्जामुळे गुंतवणूक वाढेल, उत्पन्न वाढेल, मग पैशाची मागणी वाढेल, असं लिहून त्याच आकृतीत तिसरा वक्र काढला. विचार बरोबर आहे, आणि तो सुचला याचा मला आनंद आहे. पण तो परिणाम नंतरचा आहे. त्यासाठी शेजारी दुसरी आकृती काढा, नाहीतर कोणता छेदनबिंदू कोणत्या वेळचा हे कळत नाही.

काही पुस्तकांत पुरवठ्याची रेषा धोरणदराच्या पातळीवर आडवी असते. तीही योग्य आहे, खरं तर आजच्या पद्धतीला जास्त जवळची आहे, कारण रिझर्व्ह बँक दर ठरवते आणि तो टिकेल इतका पैसा पुरवते. दिवाळीआधी खरेदीसाठी मागणीचा वक्र उजवीकडे गेला, तरी बँकेने पैसा वाढवला तर दर जागचा हलत नाही, हे आडव्या रेषेवर चटकन दिसतं. उभ्या रेषेची आकृती काढलीत, तर तेच दाखवायला दोन्ही वक्र सरकवावे लागतात. आडवी रेषा घेतलीत तर कपात म्हणजे ती रेषाच खाली उतरते आणि पैशाचं प्रमाण मागणीच्या वक्रावरून वाचायचं. दोन्ही पद्धती एकाच आकृतीत मिसळू नका.

पुढच्या तासाला ६ जून २०२५ चा निर्णय काढून आणा. रेपो ६.०० वरून ५.५० झाला तो लगेच, पण रोख राखीव प्रमाण ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणण्याची कपात सप्टेंबर ते नोव्हेंबर अशी चार टप्प्यांत ठरली. म्हणून तारखा लिहून दोन वेगळ्या आकृत्या काढा. दुसऱ्या आकृतीत रिझर्व्ह बँकेने काहीही विकत न घेता पुरवठ्याची रेषा का सरकते, ते शेजारी लिहा.