टोकियोत नवीन आलात? जपानी सहकाऱ्यांना इंग्रजीत कसं लिहायचं

निशी-कासाईला घर मिळालं, वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवला, बँकेचं खातं उघडलं, की पुढच्या सोमवारी तुम्ही टीममध्ये बसता आणि पहिला मेसेज टाइप करता. आपल्याकडून येणाऱ्या बहुतेकांचं इंग्रजी चांगलं असतं. इथे मेसेज अडतो तो त्या चांगल्या इंग्रजीमुळेच. मला इथे एकोणीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी पाठवलेला एक मेसेज मला आजही शब्दशः आठवतो. तोच उलगडून सांगते.

पेमेंटच्या भागात दोन चुका सापडल्या होत्या, म्हणून रिलीज दोन दिवस पुढे ढकलायचं होतं आणि त्याआधी ग्राहकाची मंजुरी हवी होती. मी लिहिलं ते असं: «हाय टीम, अ‍ॅज डिस्कस्ड, वी माइट नीड टू पुश आउट द रिलीज बाय अ कपल ऑफ डेज ओइंग टू सम इश्यूज दॅट क्रॉप्ड अप. वोन्ट इट बी पॉसिबल टू गेट द साइन-ऑफ बाय ईओडी फ्रायडे? काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट.»

उत्तर आलं: «येस.» मी निश्चिंत झाले. शुक्रवारी संध्याकाळी मंजुरी नव्हती, कारण कुणी ती मागितलीच नव्हती.

त्या «येस»चा अर्थ होता, «हो, शक्य होणार नाही.» नकारार्थी प्रश्नाला जपानी माणूस असंच उत्तर देतो, आणि गंमत म्हणजे आपणही तसंच देतो. «उद्या येणार नाहीस का?» «हो, नाही येणार.» मराठीत हे इतकं सहज आहे की त्यात काही वेगळं वाटत नाही. इंग्रजी शिकताना मात्र आपण हे उलटं करायला शिकलो आणि मूळ सवय विसरलो. म्हणून पहिला नियम मी सगळ्यांना हाच सांगते: लेखी मेसेजात «वोन्ट», «डोन्ट यू», «कान्ट वी»ने सुरू होणारा प्रश्न विचारायचाच नाही.

बाकीचे शब्दही तसेच फसले. «पुश आउट द रिलीज» म्हणजे ढकलणं की बाहेर काढणं? आमच्या एका सहकाऱ्याने ते रिलीज करून टाकायचंय असंच वाचलं होतं. «कपल ऑफ डेज» म्हणजे नक्की किती? «ईओडी» कुणाचा? भारत जपानच्या साडेतीन तास मागे आहे, त्यामुळे पुण्यातली संध्याकाळ ही इथली रात्र. «रिव्हर्ट» हा शब्द तर आपण भारतात उत्तर देण्यासाठी वापरतो. इतरत्र त्याचा अर्थ पूर्ववत करणं, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना तो त्याच अर्थाने पाठ असतो. «हाय टीम»मुळे काम कुणाचं तेही ठरलं नाही.

ही चूक कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. पुढचा मेसेज: «रिलीज लेट. पेमेंट प्रॉब्लेम. यू आस्क कस्टमर. फ्रायडे ओके?» याचा अर्थ सगळ्यांना कळला, पण ज्यांना तो पाठवला ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, डेटाबेसमधले जाणकार, इंग्रजी तांत्रिक दस्तऐवज रोज वाचणारे गृहस्थ होते. त्यांना बोलताना इंग्रजी जड जायचं, एवढंच. दोन दिवस ते माझ्याशी फक्त ब्रिज एसईमार्फत बोलले. (ब्रिज एसई म्हणजे दोन्ही भाषा आणि दोन्हीकडची कामाची पद्धत जाणणारा इंजिनिअर, प्रत्येक मोठ्या प्रोजेक्टवर एक तरी असतो.) त्यानेच मला समजावलं की तो मेसेज लहान मुलाला हुकूम सोडल्यासारखा वाटला.

वाक्य छोटं असणं आणि वाक्य बालिश असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इथल्याच एका पद्धतीतून नीट समजलं. तुम्हालाही ती पहिल्या महिन्यात भेटेल. १९९५च्या कोबे भूकंपात जपानी नीट न येणाऱ्या परदेशी रहिवाशांपर्यंत सूचना पोहोचल्या नाहीत. त्यानंतर «यासाशी निहोंगो», म्हणजे सोपी जपानी, आकाराला आली. «ताकादाई नि हिनान» या जड सूचनेऐवजी «ताकाई तोकोरो नि निगेते कुदासाई» असं लिहायचं: उंच जागी पळा, कृपया. शब्द सोपे झाले, पण «कुदासाई» तसंच राहिलं. जड आदरार्थी रूपं सोपी जपानीही टाळते, पण «देसु», «मासु», «कुदासाई» ही साधी सभ्य रूपं काढली तर ती सोपी जपानी उरत नाही, नुसती तुटकी जपानी होते. मी इंग्रजीत नेमकं तेच काढून टाकलं होतं: आर्टिकल, «प्लीज», कारण, आणि «बिकॉज», «सो», «इफ» हे जोडणारे शब्द.

विमानांच्या देखभालीची पुस्तकंही एका नियमबद्ध सोप्या इंग्रजीत लिहितात. तिचं नाव एएसडी-एसटीई१००. त्यात सूचनेचं वाक्य वीस शब्दांपर्यंत, वर्णनाचं पंचवीसपर्यंत, आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. «क्लोज» हा फक्त बंद करण्यासाठी. जवळ म्हणायचं असेल तर «निअर». विमानाच्या इंजिनाला हात लावणारा मेकॅनिक हे वाचतो आणि त्यात त्याला कुठे कमीपणा वाटत नाही, कारण वाक्य पूर्ण असतं आणि तांत्रिक शब्द जसेच्या तसे असतात.

तर तोच मेसेज मी आज असा लिहीन. विषयाच्या ओळीत: «रिलीज डेट चेंज: १० जुलै टू १२ जुलै». सुरुवातीला एकाच माणसाचं आडनाव आणि «सान». (स्वतःच्या नावाला «सान» लावायचं नाही, हे आधीच सांगते.) मग:

«थँक यू फॉर युअर हेल्प विथ द टेस्टिंग.
द रिलीज डेट विल चेंज, बिकॉज वी फाउंड टू एरर्स इन द पेमेंट स्क्रीन. वी आर फिक्सिंग देम नाऊ.
ओल्ड डेट: १० जुलै (थर्सडे). न्यू डेट: १२ जुलै (सॅटर्डे).
बिफोर द रिलीज, वी नीड द कस्टमर्स अप्रूव्हल. प्लीज आस्क द कस्टमर फॉर अप्रूव्हल. द डेडलाइन इज ११ जुलै (फ्रायडे), १७:००, जपान टाइम.
इफ धिस डेडलाइन इज डिफिकल्ट, प्लीज टेल मी टुडे.»

हा मेसेज आधीच्यापेक्षा लांब आहे, आणि तसाच असू द्या. वाक्यं छोटी झाली की मेसेजही छोटा व्हायलाच हवा असं नाही. कारण एका ओळीत आलं, त्यामुळे समोरच्याला ग्राहकाला काय सांगायचं तेही मिळालं. «एरर», «अप्रूव्हल», «रिलीज» हे शब्द मी सोपे केले नाहीत; ते त्यांच्या रोजच्या कामातले आहेत. सर्व्हरला सर्व्हरच म्हणा.

तारखेत महिन्याचं नाव अक्षरात लिहिलंय ते मुद्दाम. आपण १०/७ लिहिलं की आपल्याला दहा जुलै दिसतो. इथे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात, त्यामुळे त्यांना सात ऑक्टोबर दिसतो. कंसातला वार ही दुसरी खात्री. तारीख चुकली असेल तर वार जुळत नाही आणि वाचणारा लगेच विचारतो.

«बाय फ्रायडे» टाळून «द डेडलाइन इज» का? आपलं «शुक्रवारपर्यंत» दोन्ही अर्थांनी चालतं: शुक्रवार उजाडेतो काम सुरू ठेव, किंवा शुक्रवारच्या आत संपव. जपानीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, «मादे» आणि «मादेनि». त्यामुळे «बाय» आणि «अन्टिल»मध्ये ते अडखळतात, आणि आपणही चुकीचा वापरून जातो. «डेडलाइन»ने दोघांचीही सुटका होते.

शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इथे थेट «नाही» म्हणणं अवघड जातं. «मुझुकाशी», म्हणजे अवघड आहे, हाच सभ्य नकार असतो. «केन्तो शिमासु», विचार करतो, हेसुद्धा बऱ्याचदा नकारच. तुम्ही मेसेजातच «डिफिकल्ट» हा शब्द ठेवला की नकार द्यायला त्यांना मान न घालवता जागा मिळते, आणि तुम्हाला तो शुक्रवारी संध्याकाळी कळण्याऐवजी आजच कळतो.

शब्द निवडताना एक गैरसमज सोडायला हवा. आपल्याला «पुट ऑफ», «लुक इन्टू», «सॉर्ट आउट» सोपे वाटतात, कारण त्यातला प्रत्येक शब्द छोटा आहे. वाचणाऱ्याला ते सर्वांत कठीण. मराठी शिकणाऱ्याला विचारून पाहा: «बघतो» आणि «बघून घेतो» यांतला फरक शब्दकोश बघून कळेल का? दुसऱ्यात धमकी असू शकते. तसंच हे. त्यापेक्षा «चेंज», «चेक», «फिक्स» यांसारखं एकच क्रियापद घ्या. «पोस्टपोन»सुद्धा चालेल, लांब असला तरी त्याचा अर्थ एकच आहे.

आणि जपानीत गेलेल्या इंग्रजी शब्दांपासून सावध राहा, कारण तिथे दोघांनाही कळल्यासारखं वाटतं. जपानीत «कुरेमु», म्हणजे «क्लेम», ही ग्राहकाची तक्रार असते. «सर्व्हिस» म्हणजे बऱ्याचदा फुकट दिलेली गोष्ट. कोटेशनसोबतच्या मेसेजात हा शब्द मोकळा सोडू नका, कोणती सेवा आणि तिची किंमत किती ते लिहा. «टेन्शन» तर नेमकं उलटं. आपल्याला टेन्शन म्हणजे काळजी, त्यांना टेन्शन चढलं म्हणजे उत्साह संचारला. एका नवीन मुलाने लिहिलं होतं की रिलीजमुळे टीम टेन्शनमध्ये आहे, आणि त्याला शुभेच्छांचं उत्तर आलं.

मेसेज पोहोचला का, हे «इज इट क्लिअर?» विचारून कळत नाही. त्याला «येस»च येतं, आणि त्याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की मी वाचलं. त्याऐवजी उत्तरात एक ठोस गोष्ट मागा: «प्लीज राइट द डेट ऑफ युअर मीटिंग विथ द कस्टमर.» तारीख आली तर समजलं. नुसतं «ओके, थँक यू» आलं तर पुन्हा लिहा, पण तेच वाक्य पुन्हा नको, मागणी वेगळ्या शब्दांत मांडा आणि आधीचा मेसेज अपुरा होता हे स्वतःकडे घ्या: «माय मेसेज वॉज नॉट क्लिअर. आय विल राइट अगेन.»

काही मेसेज मात्र सोप्या इंग्रजीत लिहायचे नाहीत. कराराच्या अटी, नुकसानभरपाई, आणि ग्राहकाकडे चूक कबूल करून मागायची माफी. माफीची जपानीत ठरलेली भाषा आहे, आणि कोण कुणाकडे मागतो यावर ती बदलते. इंग्रजीतलं «वी आर सॉरी» तिथे फार हलकं पडतं. अशा वेळी काय घडलं ते क्रमाने, वेळेसह, छोट्या वाक्यांत ब्रिज एसईला लिहून द्या आणि जपानी मसुदा त्याला करू द्या. त्याला पाठवायच्या त्या टिपणालाही वरचेच नियम लावा, कारण इंग्रजी त्याचीही मातृभाषा नाही.